काहीही अस्पष्ट नाही

चाचांना मी तो मेल पाठवला आणि त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं.

मी बुलढाण्यात बांधकामाची छोटी कंत्राटं घेतो. शाळेची खोली, पंचायतीचं सभागृह, कुणाचं गोदाम. स्लॅबचं काम माझ्याकडे कायम चाचाच करत आले. चाचा मोताळ्याचे. सेंट्रिंग ठोकणारे, सळई बांधणारे, काँक्रीट ओतणारे अशी त्यांची स्वतःची टोळी. माझे वडील या धंद्यात होते तेव्हापासून आमच्यात कागद कधी आला नाही. टपरीवर चहा व्हायचा, चाचा म्हणायचे, "सोमवारी येतो भाऊ," आणि सोमवारी सकाळी त्यांचा ट्रॅक्टर फळ्या आणि बल्ल्या घेऊन दारात उभा असायचा. एवढंच काय ते कंत्राट.

या वेळचं काम वेगळं होतं. धाडच्या पुढे एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि खर्च पुण्याची एक संस्था करणार होती. त्यांच्या इंजिनिअर मॅडम बोलायला गोड, पण नियमाला पक्क्या. त्यांचा नियम असा होता, की पोटकंत्राटदाराला कामाची सगळी माहिती मेलने द्यायची, प्रत मॅडमना ठेवायची आणि पोटकंत्राटदाराने मेलनेच उत्तर द्यायचं. उत्तरात एक वाक्य असलंच पाहिजे, 'सर्व मजकूर वाचला, समजला, काहीही अस्पष्ट नाही.' ते आल्याशिवाय त्याच्या माणसाने कामावर पाऊल ठेवायचं नाही.

मी मनात म्हटलं, घ्या. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला आता मी मेल लिहू.

पण चाचांना हे काम हवं होतं, आणि मलाही ते त्यांनाच द्यायचं होतं. आदल्या पावसाळ्यात धाडमधल्या एका नव्या घराचा स्लॅब गळला होता. तो चाचांनी टाकलेला. काम माझं नव्हतं, घरमालकाने त्यांना परस्पर बोलावलं होतं. आमच्याकडे घराच्या कामात रीत अशी, की मिस्त्री स्लॅब टाकून निघून जातो आणि त्यावर पाणी मारायचं काम घरमालकाचं. घरातली माणसं सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन वर चढतात. हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. त्या घरमालकाने उन्हाळ्यात चार बादल्या पाणी मारून हात झटकले, स्लॅबला बारीक भेगा गेल्या आणि पावसात घरात पाणी आलं. गावात बोललं गेलं की मोताळ्याच्या चाचांचा स्लॅब गळतो. पाणी कोणी मारलं नाही हे कोण विचारतं?

त्यानंतर चाचांचे फोन कमी झाले. धाडच्या बाजारात ते मला भेटले तेव्हा कधी नव्हे ते स्वतःहून म्हणाले, "भाऊ, शाळेचं काम मलेच द्या. गावात लोकायच्या डोयासमोर एक स्लॅब चांगला पडला का तोंडं बंद होतीन. नाही तर ह्या उन्हाळ्यात पोरं टिकत नाही माह्याजवळ. जालन्याचा ठेकेदार घेऊन राह्यला त्यायले." पोरं म्हणजे त्यांची टोळी. त्यातले दोघं-तिघं त्यांनी अक्षरशः फळी धरायला शिकवून तयार केलेले.

म्हणून मी तो मेल मन लावून लिहिला. मी तापट माणूस आहे, लिहिण्याचा मला कंटाळा आहे. तरी दोन संध्याकाळी बसलो. मॅडमचा इंग्रजी नमुना होता. त्यातली निम्मी वाक्यं मलाच दोनदा वाचावी लागली, तर चाचांना ती पाठवून काय उपयोग? मी सरळ मराठीत लिहिलं. आधी काय त्यांच्याकडे आणि काय माझ्याकडे. सेंट्रिंग, सळई कापणं-बांधणं, काँक्रीट ओतणं, स्लॅबखालचे टेके काढणं त्यांच्याकडे. सिमेंट, सळई, वाळू, खडी, मिक्सर आणि विजेच्या नळ्या माझ्याकडे. मग काम कसं हवं ते. सळईखाली सिमेंटचे ठोकळेच ठेवायचे, खडीचे तुकडे चालणार नाहीत. सळई बांधून झाली की मॅडम येऊन बघतील आणि त्यांनी लेखी हो म्हटल्याशिवाय काँक्रीट सुरू करायचं नाही. काँक्रीट सैल व्हावं म्हणून वरून पाणी ओतायचं नाही. व्हायब्रेटर बंद पडला तर दुसरा जागेवर हवा. प्रयोगशाळेत दाबून बघायचे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे माझ्यासमोर भरायचे. मग तारखा. सेंट्रिंग कधी, सळई कधी, स्लॅब कधी, आणि मॅडमच्या लेखी परवानगीशिवाय एकही टेका हलवायचा नाही.

पाणी मारण्याचा मुद्दा मी सगळ्यांत ठळक केला. 'स्लॅबवर वाफे करून पाणी साठवणे आणि ते ठरलेल्या मुदतीपर्यंत सतत भरलेलं ठेवणे, हे काम तुमच्याकडे. त्यासाठी तुमचा एक माणूस गावात राहील. त्याचा खर्च दरात धरला आहे. शाळेने किंवा गावाने हे काम करायचं नाही.' धाडचं घर माझ्या डोक्यात होतं. या वेळी चाचांवर कुणाला बोट ठेवता येऊ नये, म्हणून मी ते लिहिलं.

शेवटी कळवायचं कसं ते. रोज संध्याकाळी कामाचा फोटो मला मेलवर. काही अडलं, बदललं, थांबलं तर त्याच दिवशी लिहून कळवायचं, तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही. मी ते मॅडमना कळवणार. बिघाड लपवला आणि नंतर सापडला तर काम काढून घेतलं जाईल, हे वाक्य मॅडमच्या नमुन्यातलं होतं. ते मी मऊ करून बघितलं, पण मॅडमनी पुन्हा होतं तसं करायला लावलं.

हा मेल गेला, आणि चाचा गप्प.

मी मोताळ्याला गेलो. चाचांची मुलगी तिथे संगणकावर लोकांचे अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान चालवते. मराठी शाळेत शिकलेली, बोलायला नीट. मेल तिच्याच पत्त्यावर गेला होता. तिने मला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाली, "काका, मी अब्बांना सगळं वाचून दाखवलं. दोनदा. त्यांना समजलं नाही असं नाही."

"मग?"

"तुम्हीच विचारा."

चाचा आतून आले. पाणी विचारलं, बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, तुमच्या वडलायनं मले कधी सांगतलं नाही का सळईखाली काय ठेव. फोटो काऊन पाहिजे रोज? मी काय चोर आहो?"

मला वाईटही वाटलं आणि रागही आला. मी म्हटलं, "चाचा, धाडच्या घरात कागद असता तर आज तुमच्यावर बोल आला असता का? पाणी घरमालकाकडे होतं हे कुठं लिहिलं होतं?"

मुलीने पडदा नुसता सरकवला, परत सरकवला.

"कागद असला का भरोसा जाते," चाचा म्हणाले.

"भरोसा माझा आहे. मॅडमना तुम्ही कोण हे माहीत नाही. त्यांच्यासाठी लिहिलंय."

मग त्यांनी मुलीला पुन्हा वाचायला लावलं. या वेळी मी समोर होतो. प्रत्येक मुद्द्याला ते मान हलवत होते. पाणी मारण्याच्या मुद्द्याला थांबले. "हे चांगलं केलं," म्हणाले. टेके हलवायचे नाहीत यावर म्हणाले, "फळ्या अडकून राहतीन, पन ठीक हाय." आणि मग मुलीला म्हणाले, "लिही बेटा. समजलं म्हनाव." तिने मॅडमचं ते वाक्य टाइप केलं. सर्व मजकूर वाचला, समजला, काहीही अस्पष्ट नाही. खाली चाचांचं नाव. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला मेल असावा. मला तेव्हा खरंच बरं वाटलं, घरी येताना मी बायकोसाठी भजी घेतली.

काम सुरू झालं आणि काम चांगलं झालं. रोज संध्याकाळी फोटो यायचा. चाचांच्या मुलीने त्यात शिस्त लावली होती, खाली एक ओळ लिहिलेली असायची. 'आज पूर्वेकडच्या खोलीची सेंट्रिंग पूर्ण.' मॅडम सळई बघायला आल्या तेव्हा त्यांनी टेप लावली, सिमेंटचे ठोकळे हलवून बघितले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना आपण पुढच्या शाळेलाही घेऊ." चाचा तिथेच होते. टोळीला जेवायला सोडताना त्यांचा आवाज दोन घरं पलीकडे गेला असेल.

स्लॅब पडला त्या दिवशी गाव जमा झालं. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, पेढे वाटले. मी दुपारी चाचणीचे ठोकळे भरून घेतले आणि बुलढाण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे केले, पाणी भरलं, संध्याकाळी फोटो आला. चकचकीत पाणी, त्यात आभाळ. तिसऱ्या दिवशीही आला.

त्याच्या पुढच्या दिवशी फोटो आला नाही. मी चाचांना फोन लावला, लागला नाही. गावात रेंजचं असंच असतं, म्हणून रात्र जाऊ दिली. पुढच्या संध्याकाळीही मेल आला नाही. सकाळी उठून मोटरसायकल काढली. चैत्राचं ऊन, सकाळीच अंगाला चटके.

शिडी चढून वर गेलो. स्लॅब पांढरा पडला होता. वाफ्यांचे बांध कोरडे, त्यात एका कोपऱ्यात कुणाची तरी पाण्याची बाटली. खाली वाकून हात फिरवला. वरच्या थरावर केसासारख्या भेगा होत्या. चाचांचा माणूस कुठेच नव्हता. मला इतका राग आला की मी त्या बाटलीला लाथ मारली. ती खाली अंगणात पडली आणि मुख्याध्यापक आवाज ऐकून बाहेर आले.

"चाचांचा माणूस कुठं आहे?" मी वरूनच विचारलं.

"त्याले आम्हीच सोडलं ना," ते म्हणाले. भले गृहस्थ, चेहऱ्यावर काही चुकल्याची खूणही नाही. "शाळा आमची, लेकरं आमची. आमच्या घरावर बाहेरच्या मानसानं पाणी मारायचं, हे बरं दिसते का? गावकऱ्यायनं सांगतलं, तू जा, आम्ही पाहतो."

"मग पाहिलं का?"

ते वर बघायला लागले. मग त्यांच्याकडूनच कळलं, की आदल्या दोन्ही दिवशी गावात लग्न होतं. वरच्या आळीला वाटलं खालच्या आळीची पोरं मारतील, खालच्या आळीला वाटलं वरची. नळाचं पाणीही त्या दिवसांत आलं नव्हतं. शाळेच्या बोअरची मोटर चालू करायला कुणी फिरकलंच नाही.

मी आणि मुख्याध्यापकांनी मोटर चालू केली, पाइप वर ओढला, गोणपाट अंथरून ते भिजवलं. मुख्याध्यापकांनी निरोप दिला होता, तासाभराने चाचा आले. मोताळ्याहून मोटरसायकलवर, डोक्याला रुमाल बांधून. मी शिडीपाशी उभा होतो. माझ्या तोंडाकडे बघून ते न विचारता वर चढले. गुडघ्यावर बसून त्यांनी स्लॅबवर पंजा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

मी बोललो. आता आठवतं तेव्हा वाटतं कमी बोलायला हवं होतं, पण तेव्हा तोंड आवरलं नाही. "चाचा, ठळक अक्षरात लिहिलं होतं. गावाने पाणी मारायचं नाही. तुमच्यासमोर वाचलं. तुम्हीच म्हणालात, हे चांगलं केलं. मग माणूस काढला कसा? आणि काढला तर त्याच दिवशी मला लिहिलं का नाही?"

"हाव, लिहेल होतं," चाचा म्हणाले. "तुमच्या मेलमंदी काही कमी नव्हतं."

"मग?"

"मास्तर पाच मानसं घेऊन आले. पेढ्याचा डबा हातात. म्हणे चाचा, आता आमचं काम, तुम्ही दमले. त्यायले काय सांगू? का तुमच्यावर भरोसा नाही? मी बाहेरगावचा, दुसऱ्याच्या गावात उभा. फोटोचं ऐकून मले काय वाटलं होतं ते तुम्हाले माहीत हाय. तेच मी त्यायले कसं म्हनू?" त्यांनी हात झटकले. "आनि तुम्हाले लिहिलं असतं तर तुम्ही मास्तरले बोलले असते. मास्तरचं तोंड पडलं असतं. म्हनून मी म्हटलं, जाऊ द्या, गाव हाय, पाहतीन लोकं."

मला त्यांचं पटलं, आणि पटलं याचाच मला जास्त त्रास झाला. एवढं सगळं लिहिताना 'गावकरी पेढे घेऊन आले तर काय म्हणायचं' हे कुठल्या नमुन्यात असतं?

चाचांनी फोन करून माणूस परत बोलावला, आणि तो येईपर्यंत स्वतः पाइप धरून बसले. मी घरी आलो. आता मॅडमना कळवायचं होतं. मीच लिहिलं होतं, त्याच दिवशी, लेखी. खरं सांगतो, न कळवण्याचा विचार मनात आला. पाणी पुन्हा सुरू झालं होतं, फोटो पुन्हा येणार होते. चाचणीचे ठोकळे तर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेले असतात, ते उत्तमच निघणार होते. त्यांच्यावरून वरचा स्लॅब दोन दिवस तहानलेला होता हे कुणालाही कळलं नसतं. पण त्या खोल्यांत पोरं बसणार होती. आणि मी कळवलं, तर चाचांचं नाव मी माझ्या हाताने बुडवणार होतो.

शेवटी मी लिहायला बसलो. 'ग्रामस्थांच्या हस्तक्षेपामुळे पाणी मारण्यात खंड पडला' असं वाक्य जुळवलं. ते खोटं नव्हतं. पाठवणार तेवढ्यात चाचांचा मेल आला. मुलीने टाइप केलेला, मॅडमना प्रत.

'स्लॅबवर पाणी मारण्याचे काम माझ्याकडे होते. मी माझा माणूस काढून घेतला आणि ते कळवले नाही. दोन दिवस स्लॅब कोरडा राहिला. वरच्या थरावर बारीक भेगा आहेत. यात शाळेची किंवा गावाची चूक नाही. आजपासून माणूस ठेवला आहे. जो निर्णय द्याल तो मान्य आहे.'

मी लगेच मोताळ्याला फोन लावला. मुलीने उचलला. "काका, मी म्हटलं अब्बांना, थोडं गावाचंही लिहूया. त्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, लिहिलेलं होतं, मी हो म्हटलं होतं. मला ते आवडलं नाही. पण मी तसंच टाइप केलं."

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पाणी मारण्याची मुदत वाढवा. ती संपेपर्यंत स्लॅबवर पुढचं कुठलंही काम नाही, टेके तसेच. स्लॅब अठ्ठावीस दिवसांचा झाला की मजबुती मोजणाऱ्या हातोड्याने तपासणी आणि दोन ठिकाणी काँक्रीटचा गाभा कापून तो प्रयोगशाळेत दाबून बघायचा. निकाल येईपर्यंत या पोटकंत्राटदाराला संस्थेचं दुसरं काम नाही. त्यात कडवटपणा नव्हता. चाचांनी स्वतः कळवलं हे बरं केलं, असंही एक वाक्य होतं. मॅडमच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

खरा घात पुढे झाला. काम सुरू झाल्यानंतरचे मेल शाळेलाही जात असत, त्यामुळे चाचांचा हा मेलही मुख्याध्यापकांपर्यंत पोचला. गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती की गावाच्या पोरांमुळे शाळा गेली. मुख्याध्यापकांनी चाचांच्या मेलचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या गावाची चूक नाही, कृपया वाद नको.' हेतू चांगलाच होता. त्या माणसाचा वाईट हेतू मला कधी दिसलेला नाही.

तो फोटो त्या गावातून धाडला गेला, धाडहून मोताळ्याला. मला स्वतःला तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. धाडच्या बाजारात एक सिमेंटवाला मला म्हणाला, "तुमच्या चाचानं तर लिहूनच देलं बे आता. घराचं बी त्याचंच असन मंग." मी त्याला सांगायचा प्रयत्न केला, की ते घर वेगळं, हा स्लॅब वेगळा, आणि याचा अजून निकालही लागलेला नाही. तो माझं ऐकत ऐकत गिऱ्हाइकाला पावती देत होता. मी त्याला नको ते बोललो आणि निघून आलो.

ते दिवस मी नीट झोपलो नाही. जाता-येता गावात डोकावायचो. चाचांचा माणूस छपरावर, वाफे भरलेले, फोटो वेळेवर. चाचा मात्र येईनासे झाले. त्यांची दोन कामं ठरलेली होती, ती दुसरीकडे गेली. टोळीतली पोरं एकेक करून जालन्याच्या ठेकेदाराकडे निघाली. एकजण चाचांच्या पाया पडून गेला, असं मुलीने सांगितलं. बाकीच्यांनी फोनवरच कळवलं.

तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेची माणसं यंत्र घेऊन आली. स्लॅबवर ठिकठिकाणी हातोडा दाबून आकडे लिहून घेतले, दोन ठिकाणी गोल कापून मनगटाएवढे तुकडे काढले. चाचा आले होते. एका बाजूला उभे, हात मागे. तुकडा बाहेर आला तेव्हा त्यांनी तो मागून घेतला, उलटा-पालटा करून बघितला आणि परत दिला.

अहवाल आला. स्लॅब पास. भेगा वरवरच्या आहेत, आत उतरलेल्या नाहीत, वर गिलाव्याचा थर आणि पाणीबंदचं काम करून घ्या, टेके काढायला हरकत नाही. मी तो तीनदा वाचला. मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "चला, सुटलो. पुढची शाळा त्यांनाच द्या."

मी मुख्याध्यापकांना अहवाल पाठवला आणि म्हटलं, हाही टाका ग्रुपवर. त्यांनी लगेच टाकला. खाली अंगठे उमटले, दोघांनी हात जोडलेले टाकले. मी वाट बघितली. धाडहून कुणी तो मला पाठवला नाही, मोताळ्याहूनही नाही. गळणारा स्लॅब सगळ्यांना पाठवण्यासारखा असतो, उभा राहिलेला स्लॅब कोण कुणाला पाठवणार? मी अहवाल छापून त्या सिमेंटवाल्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. तो म्हणाला, "बरं झालं," आणि त्यावर वजन ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून.

पुढच्या शाळेचा मेल लिहायला बसलो तेव्हा मी दोन मुद्दे नवे घातले. कुणीही मदत करतो म्हणालं, कितीही मानाने म्हणालं, तरी 'मला साहेबांना विचारावं लागेल' असं सांगून दोष माझ्यावर टाकायचा आणि मला फोन करायचा, फोन चालेल. आणि दुसरा, की तुमच्या कामाचा जो निकाल येईल तो मीही तुम्हाला त्याच दिवशी लेखी कळवीन, आणि ज्यांना बिघाड कळवला त्या सगळ्यांना तोही जाईल. मॅडमनी हे दोन्ही मुद्दे ठेवले. त्यांच्या नमुन्यातही घालणार आहेत म्हणे. कामाची व्याप्ती, दर्जा, तारखा, फोटो, सगळं पुन्हा ओळीने लिहिलं. वाचून बघितलं. चूक काढायला जागा नव्हती.

या वेळी चाचांनी वाट बघायला लावली नाही. त्याच दुपारी उत्तर आलं. मुलीने टाइप केलेलं, खाली चाचांचं नाव.

'सर्व मजकूर वाचला, समजला, काहीही अस्पष्ट नाही. फक्त आता माझ्याकडे माणसं राहिली नाहीत.'

मॅडमना प्रत होतीच, तरी त्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, मग आता दुसरं कोण. मी म्हटलं, बघतो.